एका चौकशीला किती मोजायचे?

डोंबिवली पूर्वेला वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या गाळ्यात एप्रिलच्या मध्यावर मी बसलो होतो. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब नीट लावून देणं हे माझं काम. बाहेर टेम्पोत केमिकलच्या बादल्या चढत होत्या, आत टेबलावर दोन बिलं पडली होती. एक चौकश्या पुरवणाऱ्या एका पोर्टलचं होतं, दुसरं गूगलवरच्या जाहिरातीचं. दोन्ही मिळून मार्चचा खर्च वीस हजार रुपये. दादांनी बिलं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मला एवढंच सांगा, एका लीडला जास्तीत जास्त किती द्यायचे? पोर्टलवाला म्हणतो तीनशे म्हणजे स्वस्त. जाहिरातवाला मुलगा म्हणतो या धंद्यात आठशे रेट चालू आहे. खरं कुणाचं?"

खरं दोघांचंही नाही. लीडचा बाजारभाव काय आहे आणि तुम्हाला काय परवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दुसऱ्या गोष्टीचं उत्तर विकणाऱ्याकडे कधीच नसतं, ते तुमच्या स्वतःच्या वहीत असतं. दादांची वही वहिनी ठेवतात. फोनही त्याच घेतात, आणि कोण कुठून आलं, काय म्हणालं, पुढे काय झालं हे एका फुलस्केप वहीत लिहून ठेवतात. ती वही नसती तर पुढचं काहीच लिहिता आलं नसतं. इथे आकडे मी सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

आधी लीड म्हणजे काय ते ठरवायला हवं, कारण पहिली गफलत तिथेच होते. मार्चमध्ये ५३ फोन आले असं जाहिरातवाला सांगत होता. वहिनींच्या वहीत ४० होते. मधल्या १३ जणांत काम मागायला आलेले मिस्त्री होते, केमिकल विकणारे होते, आणि "नाशिकला येता का?" असं विचारणारेही होते. वहिनींचा नियम साधा आहे. आपण जिथे जातो त्या भागातला माणूस, त्याच्या घरात खरोखर गळती, आणि निर्णय घेणारा स्वतः बोलतोय, तरच ती चौकशी. हा नियम चांगला आहे. पण ५३ धरा किंवा ४० धरा, एकदा जे धराल तेच सगळीकडे धरा. वीस हजारांना ५३ ने भागलं की एक लीड ३७७ रुपयांना पडल्यासारखं दिसतं, ४० ने भागलं की ५०० ला. भाव काढताना ५३ आणि कामं किती मिळाली हे मोजताना ४०, असं केलं की हिशेब आपल्या बाजूने वाकतो आणि ते कळतही नाही.

आता मूळ सूत्र. शंभर चौकश्यांपैकी किती जणांचं काम आपल्याला मिळतं, ते प्रमाण. आणि एका कामामागे हातात किती उरतं, ती रक्कम. या दोहोंचा गुणाकार केला की एका चौकशीची किंमत निघते. सात चौकश्यांमागे एक काम मिळत असेल आणि त्या कामात चौदा हजार उरत असतील, तर सरासरीने एक चौकशी दोन हजारांची. त्याहून जास्त दिले की पदरचे गेले. तिसरीतल्या मुलालाही जमेल असा हा गुणाकार आहे. अवघड आहे ते त्यात घालायचे दोन आकडे खरे मिळवणं.

"एका कामात किती उरतात?" असं विचारल्यावर दादा लगेच म्हणाले, "बावीस हजार." सरासरी काम म्हणजे आठशे चौरस फुटांची गच्ची, बिल साठ हजारांचं. त्यातून माल बावीस हजारांचा आणि मजुरी सोळा हजार. खाली बावीस. त्यांनी हे बोटांवर मोजून सांगितलं, आणि बहुतेक कंत्राटदार एवढंच मोजतात.

मग आम्ही मागच्या वीस कामांची पानं उलटली. टेम्पो, जुना कोबा फोडून निघालेला राडारोडा उचलणं, वाळूच्या गोणी तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याचे पैसे हे सगळं धरून कामामागे अडीच हजार जात होते. पुढचा खर्च गॅरंटीचा. वॉटरप्रूफिंगमध्ये लेखी हमी द्यावी लागते, आणि काम कितीही नीट केलं तरी आठातल्या एखाद्या गच्चीवर पहिल्या पावसानंतर परत जावं लागतं. कधी पाइपाभोवतीचा सांधा राहिलेला असतो, कधी कठड्याच्या कोपऱ्यात वाटा नीट बसलेला नसतो. अशा एका फेरीचा खर्च साधारण बारा हजार, म्हणजे प्रत्येक कामावर दीड हजार. तिसरा खर्च कुणीच लिहून ठेवत नाही, पण तो वहीत दिसत होता. गच्चीवर विटांचे बांध घालून दोन दिवस पाणी तुंबवून दाखवलं, खाली थेंब आला नाही, तरी गिऱ्हाईक म्हणतं, "पाऊस पडू दे, मग शेवटचा हप्ता देतो." पाऊस पडतो, आणि दहातले दोघे त्या हप्त्यातून सरासरी पाच हजार कापतात. म्हणजे प्रत्येक कामामागे हजार रुपये बुडतात. अडीच, दीड आणि एक मिळून पाच हजार. बावीसचे सतरा झाले.

दादा थोडा वेळ गप्प बसले. पाच हजार कुठे जातात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, प्रत्येक प्रसंग त्यांना तोंडपाठ होता. पण ते त्यांच्या लेखी प्रसंग होते, खर्च नव्हते. लीडची मर्यादा काढताना नेमका हाच भाग सुटतो. तो सुटला की मर्यादा फुगते, आणि फुगलेल्या मर्यादेने वर्षभर जाहिरात घेतली जाते.

दुसरा आकडा काम मिळण्याच्या प्रमाणाचा. त्या दिवशी, १५ एप्रिलला, मार्चच्या ४० चौकश्यांपैकी तीन कामं ठरली होती. साडेसात टक्के. दादा जाहिरात बंद करायच्या विचारात होते. मी त्यांना थांबवलं. वॉटरप्रूफिंगचं गिऱ्हाईक आज फोन करून उद्या ॲडव्हान्स देत नाही. ते तीन कोटेशन मागवतं, गावाकडच्या भावाला विचारतं. इमारतीची सामाईक गच्ची असेल तर विषय सोसायटीच्या कमिटीपुढे जातो, आणि कमिटी महिन्यातून एकदा बसते. मार्चची चौकशी मेमध्ये पिकते. म्हणून काम ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्यात न मोजता ज्या महिन्यात चौकशी आली त्या महिन्याच्या खात्यावर टाकायचं, आणि ते खातं निदान दोन महिने उघडं ठेवायचं. मे अखेरीस मार्चच्या त्या ४० चौकश्यांतून सहा कामं झाली होती. पंधरा टक्के. एप्रिलच्या मध्यावर जो धंदा तोट्यात दिसत होता तो खरं तर अर्धाच मोजलेला होता.

तर पंधरा टक्के गुणिले सतरा हजार, म्हणजे २,५५० रुपये. पण लीड घरात आल्यापासून काम ठरेपर्यंतही पैसे जातात. चाळीसपैकी वीस ठिकाणी साइट पाहायला जावं लागलं. एका भेटीला पेट्रोल आणि सुपरवायझरचा वेळ धरून चारशे रुपये, म्हणजे आठ हजार, म्हणजे लीडमागे दोनशे. फोन, कोटेशन, पुन्हा फोन यांचे पन्नास. जे काम मिळालं नाही त्याच्या भेटीचा खर्चही मिळालेल्या कामांनीच भरायचा असतो. हे अडीचशे वजा केले की २,३०० उरतात.

```
मर्यादा = (काम मिळण्याचं प्रमाण × एका कामात उरणारी रक्कम) − एका लीडमागचा फोन-भेटीचा खर्च
        = (०.१५ × १७,०००) − २५० = २,३०० रुपये
```

सूत्र माहीत असलेले बरेच जण इथेच थांबतात. माझ्या मते खरा घोळ यापुढे आहे. प्रत्येक लीडला २,३०० रुपये दिले तर जाहिरातीतून आलेल्या कामांत दादांच्या हाती शून्य राहील. गाळ्याचं भाडं, सुपरवायझरचा पगार, हिशेबनीस, टेलिफोन यांचे महिन्याला तीस हजार जातात. दादांचं घर चालायला पन्नास हजार लागतात. काही व्यावसायिक स्वतःचा पगार धरतच नाहीत, "उरेल तो आपला" म्हणतात. तो धरलाच पाहिजे. तो न धरता काढलेली मर्यादा म्हणजे घर उपाशी ठेवून काढलेली मर्यादा. तर हे ऐंशी हजार. हंगामात महिन्याला आठ कामं होतात, सहा चौकश्यांतून आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीने. ऐंशी हजार भागिले आठ, म्हणजे प्रत्येक कामाने दहा हजार या खर्चासाठी द्यायचे. सतरातून दहा गेले, सात उरले. पंधरा टक्के गुणिले सात हजार म्हणजे १,०५०, वजा अडीचशे, म्हणजे आठशे रुपये.

म्हणजे एकाच धंद्याच्या दोन मर्यादा निघाल्या, आठशे आणि तेवीसशे. यातली खरी कोणती? दोन्ही, पण त्यांची कामं वेगळी आहेत. महिन्याचा सगळा जाहिरातखर्च भागिले सगळ्या चौकश्या हा जो सरासरी भाव येतो, तो आठशेच्या खाली हवा. तो वर गेला की महिनाअखेरीस घरखर्चाला कमी पडणार. तेवीसशे हा आकडा वेगळ्या प्रश्नासाठी आहे. माणसं रिकामी बसली आहेत, भाडं आणि पगार कसेही द्यायचेच आहेत, अशा वेळी आणखी एक जास्तीची चौकशी घ्यावी का? ती तेवीसशेच्या आत मिळत असेल तर घ्यावी, काही ना काही हाताला लागेल. त्यापुढे गेली तर प्रत्येक चौकशीगणिक खिशातून जातात. आणि चारही मिस्त्री पुढचे वीस दिवस गुंतलेले असतील तर तीच चौकशी फुकट मिळाली तरी उपयोगाची नाही, कारण गळती लागलेलं गिऱ्हाईक वीस दिवस थांबत नाही.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, व्यवहारात मोठा होतो. मे महिन्यात जाहिरातवाल्याच्या सांगण्यावरून दादांनी खर्च वीस हजारांवरून पस्तीस हजारांवर नेला. चौकश्या ४० च्या ४५ झाल्या. सरासरी भाव पाचशेवरून ७७८ वर गेला, म्हणजे अजून आठशेच्या आतच. जाहिरातवाल्याने हाच आकडा दाखवला, आणि तो खोटा नव्हता. पण वाढीव पंधरा हजारांत आल्या फक्त पाच चौकश्या, म्हणजे त्यातली प्रत्येक तीन हजारांना पडली, तेवीसशेच्या मर्यादेहून सातशेने महाग. पाच चौकश्यांत साडेतीन हजारांचं नुकसान झालं आणि ते सरासरीच्या पोटात लपून राहिलं. डोंबिवली ते बदलापूर या पट्ट्यात एका महिन्यात गच्ची गळतेय म्हणून शोधणारी माणसं मोजकीच असतात. ती संपली की पुढचे पैसे त्याच माणसांसाठी जास्त बोली लावण्यात जातात. म्हणून जाहिरातीचा खर्च वाढवाल तेव्हा सरासरी बघू नका. वाढलेला खर्च भागिले वाढलेल्या चौकश्या, एवढं करा.

आता दादांचा मूळ प्रश्न, पोर्टलचं तीनशेचं लीड स्वस्त की जाहिरातीचं महाग? मार्चच्या ४० पैकी २५ चौकश्या पोर्टलच्या होत्या, साडेसात हजारांच्या. पंधरा गूगलच्या जाहिरातीतून आल्या, साडेबारा हजारांना, म्हणजे प्रत्येकी ८३३ रुपये. वहिनींच्या वहीत कोण कुठून आलं हा रकाना होताच, तेवढा वेगळा करून पाहिला. सहापैकी पाच कामं जाहिरातीची होती. पोर्टलचं एक.

कारण वहिनींनीच सांगितलं. पोर्टलवर एकाने "गच्ची गळते" असं टाकलं की तोच नंबर चार-पाच कंत्राटदारांना विकला जातो. वहिनींचा फोन जाईपर्यंत तिघांनी फोन केलेला असतो, आणि माणूस वैतागून फक्त "चौरस फुटाला किती?" एवढंच विचारतो. जाहिरातीतून आलेल्याने दादांनी केलेल्या कामांचे फोटो पाहिलेले असतात, आणि फोन त्याने स्वतःहून यांनाच केलेला असतो.

दोघांच्या मर्यादा वेगळ्या काढल्या. भेटीचा खर्च सोयीसाठी दोन्हीकडे सारखाच धरला. जाहिरातीत पंधरात पाच, म्हणजे तेहतीस टक्के. सात हजारांचे तेहतीस टक्के वजा अडीचशे, म्हणजे दोन हजारांहून थोडे जास्त. ८३३ रुपयांत ते लीड आरामात बसतं. पोर्टलचे पंचविसात एक, म्हणजे चार टक्के. सात हजारांचे चार टक्के २८०, वजा अडीचशे, उरले तीस रुपये. तीस रुपयांच्या मालाला दादा तीनशे मोजत होते.

हे पाहिल्यावर कुणीही पोर्टल त्याच दिवशी बंद केलं असतं. मी तसं करू दिलं नाही. पंचविसात एक काम हा आकडा फार पातळ आहे. त्यात आणखी एकच काम आलं असतं, त्या डोंबिवली पश्चिमेच्या गृहस्थांनी बायकोचं ऐकून होकार दिला असता, तर प्रमाण आठ टक्के झालं असतं आणि मर्यादा ३१० रुपये. तेच तीनशेचं लीड परवडणारं ठरलं असतं. एका माणसाच्या होकारावर निकाल फिरत असेल तर तो निकाल अजून द्यायचा नसतो.

एकंदर पंधरा टक्क्यांचंही तेच. चाळिसात सहा हे मोजमाप झालं, पण त्यामागचं खरं प्रमाण सात टक्क्यांपासून एकोणतीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. संख्याशास्त्रात याचा हिशेब ठरलेला आहे, आणि एवढ्या कमी नोंदींवर तो एवढाच रुंद येतो. सात टक्के धरले तर मर्यादा आठशेऐवजी २४० होते. दोनशे चौकश्यांत तीस कामं मिळाली तर टक्केवारी पंधराच राहते, पण आता ती साधारण अकरा ते एकवीसच्या मध्ये आवळली जाते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या महिन्यात काढलेली मर्यादा पूर्ण वापरू नये, निम्म्यावर थांबावं, आणि नोंदी शंभरावर गेल्या की पुन्हा गणित करावं.

दादांनी पोर्टलचं पॅकेज आणखी तीन महिने ठेवलं. जूनअखेर पोर्टलच्या एकूण शंभर चौकश्या झाल्या. तीनशे रुपये परवडायला शंभरात आठ कामं हवी होती. ऑगस्टपर्यंत वाट पाहूनही आली तीन. आठ आणि तीन यातला फरक निव्वळ नशिबावर ढकलता येण्याजोगा नाही. तीन टक्क्यांवर रिकाम्या दिवसांतली सैल मर्यादाही २६० रुपयेच निघते. दोन्ही मापांनी लीड महाग ठरलं, तेव्हा पॅकेज बंद झालं.

एक गोष्ट कराची. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही जीएसटीत नेहमीच्या पद्धतीने नोंदलेले असाल तर तो कर तुमच्या देण्यातून वळता करून घेता येतो, म्हणून मर्यादेत धरायची गरज नाही. पण सेवा व्यवसायाला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि अनेक छोटे व्यावसायिक त्या आतच असतात. काहींनी कंपोझिशन योजना घेतलेली असते. या दोघांनाही तो कर परत मिळत नाही. त्यांच्यासाठी आठशेची मर्यादा म्हणजे करासकट आठशे, म्हणून जाहिरातीच्या स्क्रीनवर दिसणारा भाव ६७८ च्या वर जाता कामा नये. स्क्रीनवर कर दाखवत नाहीत. गूगलवर पैसे क्लिकमागे जातात, तेव्हा पंधरा क्लिकांमागे एक खरी चौकशी येत असेल तर ६७८ भागिले १५, म्हणजे क्लिकला ४५ रुपयांपर्यंत जाता येतं. जाहिरातवाल्याला सांगायचा आकडा हा.

सरासरीचा आणखी एक सापळा कामाच्या आकाराचा आहे. दादा बाथरूमची गळतीही काढतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा अख्ख्या इमारतीचं काम घेतात. बाथरूममध्ये उरतात चार हजार, इमारतीत लाखाच्या घरात. हे सगळं एकत्र करून सरासरी काढली असती तर एका इमारतीने सगळ्या बाथरूमना श्रीमंत दाखवलं असतं, आणि बाथरूमच्या चौकश्यांना गच्चीचा भाव मोजला गेला असता. म्हणून वर घेतलेला हिशेब फक्त गच्चीचा आहे. ज्या कामाची जाहिरात, त्याच कामाचा नफा आणि त्याच कामाचं प्रमाण.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दर उतरवण्याची. पोर्टलच्या गिऱ्हाइकांनी घासाघीस करून दादांना दहा टक्के कमी करायची सवय लावली होती. "तेवढ्याने काय होतं," असं ते म्हणायचे. साठ हजारांवर दहा टक्के म्हणजे सहा हजार. माल तेवढाच, मजुरी तेवढीच, राडारोडा तेवढाच, म्हणजे हे सहा हजार पूर्णपणे उरलेल्या सातमधून जातात. राहतो एक हजार. पंधरा टक्के गुणिले एक हजार म्हणजे दीडशे, आणि फोन-भेटीचा खर्च अडीचशे. मर्यादा शून्याच्याही खाली गेली. चौकशी फुकट मिळाली तरी परवडत नाही, असा त्याचा अर्थ. दर उतरवल्याने जास्त कामं मिळतील हे खरं, पण किती जास्त? आठ कामांत सतरा-सतरा हजार म्हणजे १ लाख ३६ हजार. अकरा हजारांच्या हिशेबाने तेवढेच पैसे यायला महिन्याला बाराहून जास्त कामं लागतील. चार मिस्त्र्यांत बारा गच्च्या होत नाहीत. दादांनी सूट देणं थांबवलं नाही, पण आता ती साइटवर उभं राहून देत नाहीत. "घरी विचारून सांगतो" म्हणतात, आणि खरोखरच वहिनींना विचारतात.

हा हिशेब तुमच्या धंद्यात करायचा असेल, मग ते पेस्ट कंट्रोल असो, एसी दुरुस्ती असो की केटरिंग, तर सूत्राच्या आधी वही उघडा. फोन आल्याची तारीख, कुठून नंबर मिळाला, कोणतं काम, भेट झाली का, ठरलं का, किती उरले, एवढे सहा रकाने पुरतात. मागच्या तीन महिन्यांचं व्हॉट्सॲप आणि बँकेचं पासबुक समोर ठेवलं तर बरंचसं मागचंही भरता येतं. आणि "उरले" हा रकाना शेवटचा हप्ता हातात पडल्याशिवाय भरू नका.

दादांची मर्यादा आता दर तीन महिन्यांनी काढली जाते. पावसाळ्यात गच्चीची कामं बंद असतात, तेव्हा आठऐवजी तीन कामं होतात आणि आठशेचा आकडा लागूच पडत नाही. जुलै ते सप्टेंबर ते जाहिरात बंद ठेवतात, आणि त्या काळात दादा जुन्या गच्च्यांवर फिरून पाणी कुठे थांबतंय ते पाहून येतात. मागच्या पावसाळ्यात या फेऱ्यांतून शेजारपाजारची चार कामं मिळाली. वहिनींनी ती "कुठून" या रकान्यात वेगळ्या शाईने लिहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर लीडचा खर्च म्हणून फक्त पेट्रोलचा आकडा आहे.